गाळलेल्या नोंदी आणि लपवलेल्या नोंदी

बाह्यरुग्ण विभागात मुलीला घेऊन आलेली एखादी आई हल्ली एक प्रश्न हमखास विचारते. ‘साहेब, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची ती लस एकच घेतली तर चालते म्हणतात. आधी तर तीन सांगत होते. मग आधीचं खोटं होतं का आताचं?’ प्रश्न रास्त आहे. तिनाचा एक डोस कसा झाला, हे सांगायचे तर लशीपेक्षा हिशेबाविषयी जास्त बोलावे लागते. संशोधनात गोळा झालेल्या नोंदींपैकी कोणत्या धरायच्या, कोणत्या गाळायच्या, ते कोणी, कधी आणि कशावरून ठरवायचे, असा हा हिशेब आहे. त्याचा एक महत्त्वाचा धडा आपल्या शेजारच्या बार्शीत आणि पुण्यात घडला. तिथे पोहोचण्याआधी एक छोटे गणित करून पाहू.

समजा, मधुमेहाचे एक नवे औषध दहा रुग्णांना तीन महिने दिले आणि उपाशीपोटीची साखर आधी व नंतर मोजली. नऊ जणांची साखर अनुक्रमे २२, १८, २५, १५, २०, २४, १९, १७ आणि २१ अंकांनी उतरली. दहाव्याची मात्र ६१ अंकांनी वाढली. दहाही जण धरले तर सरासरी घट १२ अंकांची येते. दहावा सोडला तर ती २० होते. एका माणसाने औषध सुमार की चांगले हे ठरवले. संख्याशास्त्रात अशा चाकोरीबाहेरच्या आकड्याला आउटलायर म्हणतात. तो दिसला की हात शिवशिवतो. ‘याचं काहीतरी चुकलं असणार, काढून टाका’, हे वाक्य वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते.

काढून टाकावे का? उत्तर आकड्यात नाही, त्याच्या मागच्या कारणात आहे. पहिली शक्यता अशी की प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये १६१ आहे आणि कागदावर उतरवताना कोणीतरी २६१ लिहिले. मग गाळण्याची गरजच नाही. मूळ रजिस्टर पाहून आकडा दुरुस्त करायचा आणि दुरुस्ती केल्याची नोंद ठेवायची. दुसरी शक्यता अशी की या रुग्णाला मधल्या काळात दम्यासाठी स्टेरॉइड दिले गेले. स्टेरॉइडने साखर चढते, हे माहीत आहे. अशा रुग्णाला वगळता येते, पण तो नियम अभ्यास सुरू होण्याआधी लिहिलेला हवा आणि स्टेरॉइडची चौकशी दहाही जणांकडे झालेली हवी. तिसरी शक्यता अशी की रजिस्टर बरोबर आहे, दुसरे औषध घेतलेले नाही, या माणसाला औषध लागूच पडले नाही. मग तो आकडा गाळणे म्हणजे औषधाचे अपयश गाळणे. उद्या हेच औषध हजारोंना दिले जाईल तेव्हा त्यांच्यातही असे लोक असतील आणि त्यांचा हिशेब आपण आधीच पुसून ठेवलेला असेल.

यात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट दुसऱ्या शक्यतेत आहे. नको असलेला आकडा दिसला की आपण त्याची कसून तपासणी करतो, केसपेपर उलगडतो, रुग्णाला फोन करतो. शोधले की काही ना काही सापडतेच. कोणी दोन दिवस गोळी चुकवलेली असते, कोणी लग्नात जेवलेला असतो. पण ज्याची साखर २५ अंकांनी उतरली त्याचा केसपेपर कोणी उघडत नाही. त्याने त्याच काळात रोज चालायला सुरुवात केली असेल, भात सोडला असेल, तर ते कळणारच नाही. यात खोटा आकडा कोणीच लिहिलेला नसतो. तरीही तपासणी एकाच बाजूची झाल्यामुळे निकाल एकाच बाजूला झुकतो.

यावर काही जण म्हणतील, माणसाच्या मनावर सोडू नका, गणिती नियम लावा. नियम आहेतच. आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत हे सांगणारे एक माप असते, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांच्या बाहेरचा आकडा गाळा, असा एक प्रचलित नियम आहे. तीनच्या बाहेरचा गाळा, असा दुसरा. आता आपल्या दहा जणांना हे लावून पाहा. दहाव्या रुग्णाचा आकडा सरासरीपासून २.८ प्रमाण विचलने दूर आहे. पहिल्या नियमाने तो जातो, दुसऱ्याने राहतो. इतकेच नाही, नोंदी दहाच असतील तर कोणताही आकडा तीन प्रमाण विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही. कारण तो जितका दूर जाईल तितका सरासरीला आपल्याकडे ओढतो आणि पसाराही वाढवतो. म्हणजे दोन्ही नियम पुस्तकात सापडणारे, दोन्ही ऐकायला शास्त्रीय, पण एकाने उत्तर २० येते आणि दुसऱ्याने १२. ज्याने आधी दोन्ही उत्तरे पाहिली आणि मग नियम निवडला, त्याने नियमाच्या आडून निकाल निवडला. संशोधनातली छुपी मोकळीक म्हणतात ती हीच. यात खोटे बोलावे लागत नाही. फक्त दुसरा रस्ताही होता, हे सांगायचे राहून जाते.

मग गाळणे मुळातच वाईट का? मुळीच नाही. चांगल्या गाळणीचे उदाहरण आपल्या अंगणवाडीच्या दारात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांची उंची आणि वजन मोजतात. त्यावरून जिल्ह्यात किती मुले खुजी, किती रोडावलेली, ते ठरते. घरोघर जाऊन रडणाऱ्या मुलाला फळीवर निजवून किंवा उभे करून उंची घ्यायची, वय विचारून लिहायचे, यात चुका होणारच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या प्रमाणांशी तुलना करताना एक नियम आधीच ठरलेला आहे. वयाच्या मानाने उंची अपेक्षित मध्यापासून सहा प्रमाण विचलनांपेक्षा जास्त खाली किंवा वर असेल, तर ती नोंद चुकीची धरून बाजूला काढायची.

दोन वर्षांच्या मुलीची उंची मध्यम साधारण ८६ सेंटिमीटर असते आणि या वयाला एक प्रमाण विचलन म्हणजे सुमारे सव्वातीन सेंटिमीटर. समजा ८५ च्या जागी आकडे उलटे पडून ५८ लिहिले गेले. ते मध्यापासून आठ प्रमाण विचलनांहूनही खाली आहे. दोन वर्षांचे चालते-फिरते मूल ५८ सेंटिमीटरचे जवळजवळ नसतेच. ती नोंद जाते. पण एखाद्या मुलीची उंची खरोखरच ७० सेंटिमीटर असेल, तर ती मध्यापासून सुमारे पाच प्रमाण विचलने खाली येते. ती नोंद राहते. नियमाची सीमा मुद्दामच इतकी लांब ठेवली आहे, कारण ज्यांच्यासाठी सर्वेक्षण करायचे ती अत्यंत कुपोषित मुलेच टोकाला असतात. सीमा आत ओढली तर चुका जास्त सापडतील, पण त्यांच्यासोबत खरी उपाशी मुलेही कागदावरून नाहीशी होतील आणि जिल्ह्याचा आकडा छान दिसू लागेल. आणीबाणीच्या भागातल्या झटपट पाहण्यांत त्या पाहणीच्याच सरासरीपासून तीनची आखूड सीमा वापरण्याचीही पद्धत आहे. तिच्यामागेही कारणे आहेत. पण एकाच गावच्या नोंदींवर दोन नियम लावले तर कुपोषणाचे प्रमाण वेगळे येऊ शकते. म्हणून कोणता नियम लावला आणि किती मुले गळली, हे अहवालात छापलेले असावे लागते. गळलेल्यांची संख्या मोठी असेल तर तो मोजणाऱ्यांच्या कामाविषयीचाच इशारा असतो.

या नियमात तीन गोष्टी आहेत, त्या लक्षात ठेवाव्यात. तो मोजणीच्या आधी ठरलेला आहे. तो दोन्ही टोकांना लागतो, फक्त गैरसोयीच्या टोकाला नाही. आणि तो जाहीर आहे.

यातली एखादी गोष्ट सुटली की काय होते, याची किंमत जगाने एका वेदनाशामक गोळीत मोजली. रोफेकॉक्सिब नावाचे सांधेदुखीचे औषध १९९९ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. जुन्या गोळ्यांपेक्षा हे पोटाला सोसते, रक्तस्राव कमी होतो, हा त्याचा गुण. तो सिद्ध करण्यासाठी ‘व्हिगर’ नावाची चाचणी झाली. संधिवाताच्या ८,०७६ रुग्णांपैकी निम्म्यांना रोफेकॉक्सिब आणि निम्म्यांना नेप्रोक्सेन ही जुनी गोळी दिली. नोव्हेंबर २०००मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. पोटाचा त्रास खरोखर कमी होता. हृदयविकाराचे झटके मात्र रोफेकॉक्सिबच्या गटात १७ आणि नेप्रोक्सेनच्या गटात ४ होते. तेवढ्यावरही भुवया उंचावायला हव्या होत्या. पण लेखात त्याचा अर्थ असा लावला गेला की नेप्रोक्सेनच हृदयाचे रक्षण करत असावे, आणि ज्यांना हृदयासाठी आधीपासून ॲस्पिरिनची गरज नव्हती अशा रुग्णांत दोन गोळ्यांमधला फरक दखल घेण्याजोगा नाही.

खरा आकडा १७ नव्हता, २० होता. तीन झटके मोजणीतून बाहेर राहिले होते, आणि तिन्ही रोफेकॉक्सिबच्याच गटातले होते. कारण? हृदयाच्या घटनांची मोजणी ज्या तारखेला थांबवली ती पोटाच्या घटनांची मोजणी थांबवण्याच्या तारखेच्या साधारण महिनाभर आधीची होती. हे तीन झटके त्या मधल्या महिन्यात आले. एकाच चाचणीत, त्याच रुग्णांत, औषधाच्या फायद्याची मोजणी महिनाभर जास्त चालली आणि तोट्याची आधी थांबली. लेखात या दोन तारखांचा उल्लेख नव्हता. शिवाय हे तिघेही ॲस्पिरिनची गरज नसलेल्या, म्हणजे कमी धोक्याच्या गटातले होते. ते धरले की ‘सामान्य रुग्णाला भीती नाही’ हा लेखातला दिलासा टिकत नव्हता.

चाचणीच्या लेखकांचे म्हणणे असे होते की तारीख आधीच ठरलेली होती आणि तिच्यानंतरच्या घटना धरणेच चुकीचे ठरले असते. या युक्तिवादाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण आधी ठरलेला नियम ही चांगलीच गोष्ट आहे, असे मीच वर म्हटले. पण नियम आधी ठरला एवढ्याने भागत नाही. तो दोन्ही बाजूंना सारखा लागला पाहिजे आणि वाचणाऱ्याला दिसला पाहिजे. तारीख पाळून मुख्य तक्त्यात १७ लिहिले आणि खाली एका ओळीत ‘या तारखेनंतर आणखी तीन झटके आले’ असे छापले असते, तर कोणाला बोट दाखवता आले नसते. ती ओळ नव्हती. त्या नियतकालिकाच्या संपादकांनी डिसेंबर २००५मध्ये जाहीरपणे चिंता व्यक्त केली. तोवर उशीर झाला होता. दुसऱ्या एका चाचणीत हृदयाचा धोका स्पष्ट झाल्यावर सप्टेंबर २००४ अखेरीस कंपनीने औषध जगभरातून मागे घेतले होते आणि त्याच वर्षी भारतातही त्याच्यावर बंदी आली. आमच्या पिढीच्या डॉक्टरांच्या ओळखीची ही गोळी होती.

आता बार्शी आणि पुण्याची गोष्ट. २००९च्या सप्टेंबरमध्ये भारतात अनेक केंद्रांवर एक चाचणी सुरू झाली. फ्रान्समधल्या लियाँ इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था तिचे संयोजन करत होती आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय हे केंद्रांपैकी एक होते. प्रश्न साधा होता. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूवरच्या लशीचे तेव्हा तीन डोस द्यायचे. दोन पुरतील का? १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले जात होते. एकाला सहा महिन्यांत तीन डोस, दुसऱ्याला सहा महिन्यांच्या अंतराने दोन. उद्दिष्ट २० हजार मुलींचे होते.

एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने या लशीच्या सगळ्या चाचण्यांमधले लसीकरण थांबवले. आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये याच लशीचा एक वेगळा प्रकल्प चालू होता. तिथे काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि देशभर गदारोळ झाला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही; संमती घेण्याच्या पद्धतीवर मात्र गंभीर ठपका बसला. पण तोवर बार्शी-पुण्यासह सगळ्या केंद्रांवरची चाचणी मध्येच तुटली होती. १७,७२९ मुलींना लस टोचलेली होती. ४,३४८ जणींचे ठरल्याप्रमाणे तीन डोस झाले होते आणि ४,९७९ जणींचे सहा महिन्यांच्या अंतराचे दोन. ३,४५२ जणींना तीनपैकी पहिले दोनच मिळाले होते, तेही दोन महिन्यांच्या अंतराने. आणि ४,९५० जणींना एकच.

संशोधकांपुढचा पेच कोणालाही कळेल. ठरल्याप्रमाणे डोस न झालेल्या मुली ८,४०२ होत्या, म्हणजे जवळपास निम्म्या. त्यांना ‘नियमभंग’ म्हणून गाळले असते तर कोणी नावे ठेवली नसती. बहुतेक चाचण्यांत डोस अर्धवट सोडणाऱ्यांना वेगळे काढून एक तक्ता करतातच. उलट, काहीच घडले नाही असे दाखवून मूळच्याच दोन गटांची तुलना छापणेही शक्य होते. ते दिशाभूल करणारे झाले असते, कारण तीन डोसांच्या गटात एकच डोस मिळालेल्या मुलीही होत्या.

त्यांनी तिसरा मार्ग घेतला. सगळ्या मुलींचा पाठपुरावा चालू ठेवला, प्रत्यक्षात किती डोस मिळाले त्यावरून चार गट केले, आणि आपली चाचणी आता चिठ्ठ्यांवर आधारलेली राहिली नाही, ती निरीक्षणाचा अभ्यास झाली आहे, हे लेखाच्या तोंडीच लिहिले. या प्रामाणिकपणाची किंमत असते. निरीक्षणाच्या अभ्यासाला वैद्यकात खालचा दर्जा आहे, आणि आपल्या कामाचा दर्जा स्वतःच उतरवून सांगायला कोणालाच आवडत नाही.

आता खरा प्रश्न. एकच डोस मिळालेल्या मुलींचा निकाल आपण का मानायचा? इथेही उत्तर कारणात आहे. एरवी जी मुलगी दुसऱ्या डोसाला येत नाही ती येणाऱ्या मुलीपेक्षा वेगळी असते. कोणी आजारी असते, कोणाचे घर कामासाठी ऊसतोडीला जाते, कोणाच्या आईला लशीची भीती वाटते. या वेगळेपणाचा पुढच्या आजाराशी संबंध असू शकतो, म्हणून अशांची तुलना फसवी ठरते. पण या मुलींपैकी बहुतेकींचा डोस त्यांच्या प्रकृतीमुळे किंवा स्वभावामुळे चुकला नाही. दिल्लीहून आदेश आला त्या दिवशी ज्यांची पाळी यायची होती त्या राहिल्या. कोणाला किती डोस मिळणार हे मुख्यतः नोंदणीच्या तारखेने ठरवले, आणि त्या तारखेला कोणत्या मुलीला पुढे संसर्ग होणार हे ठाऊक नव्हते. नोंद हरवण्याचे किंवा अपुरी राहण्याचे कारण निकालाशी बांधलेले नसेल, तर त्या नोंदीवर बराच भरवसा ठेवता येतो. संख्याशास्त्राची पुस्तके हेच तत्त्व अवघड शब्दांत सांगतात.

याच अभ्यासात गाळणीही होती, तीही पाहण्यासारखी आहे. विषाणूचा संसर्ग लैंगिक संबंधांतून होतो, म्हणून तपासणीचा नमुना मुलीचे लग्न झाल्यावर ठरावीक काळाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर घेतला जात होता. ज्यांची लग्ने झाली नव्हती त्या त्या टप्प्यावर हिशेबात नव्हत्या. म्हणजे हजारो मुली वगळल्या गेल्या. पण अट चारही गटांना तीच होती, तिचे कारण सांगितलेले होते आणि प्रत्येक गटातल्या किती जणी तपासल्या गेल्या तो आकडा छापलेला होता.

२०२१मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निकाल आला. सुमारे नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, कॅन्सरला सर्वाधिक कारणीभूत असलेल्या १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूंचा चिवट संसर्ग टाळण्यात एका डोसाची परिणामकारकता ९५.४ टक्के होती, दोन डोसांची ९३.१ आणि तिनांची ९३.३. एक डोस तीनपेक्षा सरस, असा याचा अर्थ नाही. या आकड्यांतला फरक योगायोगाच्या कक्षेत आहे. तिन्ही सारखेच, एवढेच म्हणता येते. मर्यादाही लेखात होत्या. लस न घेतलेल्या स्त्रियांचा तुलनेचा गट नंतर निवडलेला होता. मोजले होते ते कॅन्सर नव्हे, तर त्याच्या आधीचा दीर्घ संसर्ग. म्हणून जगाने एवढ्यावर निर्णय घेतला नाही. केनियात एका डोसाची रीतसर चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली आणि २०२२मध्ये तिनेही तोच कौल दिला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एका डोसाचा पर्याय मान्य केला. त्या ४,९५० नोंदी कचऱ्यात गेल्या असत्या तर हा प्रश्न विचारायला आधारच राहिला नसता.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे आठ हजारांच्या चाचणीत तीन नोंदी गळल्या आणि निष्कर्षाचा सूर बदलला. दुसरीकडे साडेआठ हजारांच्या आसपास ‘बिघडलेल्या’ नोंदी उघडपणे ठेवल्या आणि त्यातून उपयोगी ज्ञान मिळाले. किती गाळले यावरून प्रामाणिकपणा ठरत नाही. गाळणाऱ्याला निकाल दिसत होता का, नियम दोन्ही बाजूंना सारखा होता का, आणि गाळलेले वाचकाला दिसते का, यावरून ठरतो.

हे तपासण्यासाठी वाचकाला संख्याशास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. औषधाच्या चाचणीच्या चांगल्या लेखात सुरुवातीला एक आकृती असते. किती जण घेतले, प्रत्येक टप्प्यावर किती आणि का कमी झाले, शेवटी किती मोजले, हे तिच्यात असते. घेतलेले आणि मोजलेले यांचा हिशेब जुळत नसेल, किंवा गळती एकाच गटात जास्त असेल, तर थांबावे. भारतात २००९च्या जूनपासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सुरू होण्याआधी सरकारी नोंदवहीत करणे बंधनकारक आहे आणि ती कोणालाही पाहता येते. तिथे आधी लिहिलेले मुख्य मोजमाप आणि नंतर छापलेले मोजमाप वेगळे दिसले, तर बदलाचे कारण विचारावे. आणि काही नोंदी वगळल्या असतील तर त्या धरून उत्तर काय येते, ही एक ओळ शोधावी. आपल्या दहा रुग्णांच्या अभ्यासात ती ओळ अशी असती: ‘सर्व दहा धरून सरासरी घट १२; एक रुग्ण या कारणाने वगळल्यास २०.’ दोन्ही आकडे मिळाले की वाचक स्वतः ठरवू शकतो. एकच मिळाला तर ते त्याच्या वतीने दुसऱ्याने ठरवलेले असते.

आम्हा डॉक्टरांनाही हे लागू आहे. जिल्हा पातळीवर आम्ही दर महिन्याला माता मृत्यू, बालमृत्यू, कमी वजनाची बाळे यांचे अहवाल पाठवतो. एखाद्या महिन्यात आकडा अचानक चढला की ‘तो मृत्यू बाहेरच्या तालुक्यातला’, ‘ती बाई वाटेतच गेली होती’, असे खुलासे सुचू लागतात. कधी ते खरेही असतात. पण आकडा चांगला असलेल्या महिन्यात तेच निकष आपण लावले होते का, हे स्वतःला विचारावे. लावले नसतील तर ती दुरुस्ती नव्हे.

त्या आईला मी हे सगळे सांगत नाही. सांगतो ते एवढे. ‘ताई, आधीचं खोटं नव्हतं आणि आताचंही नाही. तेव्हा एका डोसाचं माहीतच नव्हतं. आपल्या बार्शी-पुण्याकडच्या मुलींचे डोस सरकारी आदेशानं अर्धे राहिले, पण डॉक्टरांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. त्यातून कळलं. तुमच्या मुलीला एक डोस पुरेल. प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल, एचआयव्ही असेल, तर मात्र जास्त लागतात, ते तपासून सांगतो. आणि लस घेतली तरी पुढं तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही.’ ती मान हलवते आणि मुलीला बाही वर करायला सांगते.